मातृभाषा: पाया की पिंजरा? दक्षिण आफ्रिकेच्या शाळांनी दिलेलं उत्तर

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत प्रत्येक व्यासपीठावरून मायमराठीचा जयघोष ऐकू येत होता. आमच्या वस्त्यांमधल्या तरुणांनी मात्र एकच साधा प्रश्न विचारला: भाषण देणाऱ्यांची मुलं कोणत्या माध्यमात शिकतात? ज्यांची नातवंडं आंतरराष्ट्रीय शाळांत जातात, ते आम्हाला मातृभाषेचं महत्त्व शिकवतात, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे संशयानेच पाहणार. तुम्ही मराठीत शिका म्हणजे तुम्ही इथेच राहा, असा त्याचा अर्थ आम्ही पिढ्यानपिढ्या अनुभवला आहे.

हा संशय रास्त आहे. पण या संशयातून आपल्यातले अनेक जण जो निष्कर्ष काढतात, तो तपासून घेतला पाहिजे. प्रस्थापितांना आम्ही मराठीत शिकायला हवे आहोत, म्हणून आपलं लेकरू नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात घालायचं, असा तो निष्कर्ष. शत्रूला जे हवं त्याच्या उलटं करायचं, एवढ्यावर चळवळ चालत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा पाहायला शिकवलं आहे. आणि या प्रश्नाचा पुरावा पाहायचा तर जगात एक देश असा आहे, जिथे खुद्द अत्याचारी सत्तेनेच मातृभाषेतून शिक्षण शोषितांवर लादलं होतं. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका.

गुलामीसाठी आणलेली मातृभाषा

१९४८ मध्ये तिथे नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचं अधिकृत धोरण झालं. तोवर काळ्या मुलांच्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या हातात होत्या आणि वरच्या वर्गांत इंग्रजी चालत होती. सरकारने आयसेलेन आयोग नेमला. त्याच्या अहवालावरून १९५३ मध्ये बांटू शिक्षण कायदा आला. तो आणणारे मंत्री हेन्ड्रिक फर्वुर्ड यांनी आपला हेतू लपवला नाही. गोऱ्यांच्या समाजात काळ्या माणसाला मजुरीच्या काही प्रकारांपलीकडे जागा नाही, मग त्याला त्यापलीकडचं शिक्षण कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. शूद्राला वेद कशाला, या युक्तिवादाहून हा किती वेगळा आहे, ते वाचकांनी ठरवावं.

या धोरणाचा एक भाग असा होता की काळ्या मुलांनी प्राथमिकची आठही वर्षं आपापल्या भाषेत शिकायचं: झुलू, खोसा, सोथो, त्स्वाना वगैरे. माध्यमिकला गेल्यावर मात्र एकदम इंग्रजी आणि आफ्रिकान्स. आफ्रिकान्स ही राज्यकर्त्या डच वंशाच्या गोऱ्यांची भाषा. मुलांना जमाती-जमातींत वाटून ठेवायचं आणि इंग्रजीपासून दूर ठेवायचं, हे यामागचं राजकारण होतं. त्यासोबत खर्च कापला गेला, वर्ग खच्चून भरले आणि अभ्यासक्रम मजूर घडवण्याच्या बेताने आखला गेला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९५५ मध्ये या शाळांवर बहिष्काराची हाक दिली. मातृभाषा हा शब्दच काळ्या समाजात गुलामीचा शब्द झाला.

पण याच काळात एक गोष्ट घडली, जी ना सरकारला अपेक्षित होती ना विरोधकांना. या आठ वर्षांच्या शिक्षणासाठी आफ्रिकन भाषांत पाठ्यपुस्तकं लिहावी लागली, गणित-विज्ञानाच्या परिभाषा घडवाव्या लागल्या. आणि वाईट शाळा, अपुरे शिक्षक, हीन अभ्यासक्रम हे सगळं असूनही काळ्या विद्यार्थ्यांचा मॅट्रिक उत्तीर्ण होण्याचा दर वाढत गेला. भाषातज्ज्ञ कॅथलीन ह्यू यांनी ही आकडेवारी मांडली आहे. १९५५ मध्ये हा दर ४३.५ टक्के होता. १९७६ मध्ये तो ८३.७ टक्के झाला.

या आकड्यांवर उड्या मारू नयेत. १९५५ मध्ये मॅट्रिकला बसणारी काळी मुलं मोजकी शेकड्यांत होती. दर वाढण्याला इतरही कारणं असणार. त्यामुळे एकट्या या आकड्याने काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न मात्र उभा राहतो: मातृभाषेने मुलं मागे पडत असतील, तर इतक्या वाईट व्यवस्थेतही ती घसरली का नाहीत?

१९७६ चा उठाव कशाविरुद्ध होता?

सोवेटोच्या विद्यार्थ्यांचा उठाव आपल्या चळवळीत अनेकदा सांगितला जातो, पण बऱ्याचदा अर्धवट. मातृभाषेतल्या शिक्षणाला कंटाळून मुलं रस्त्यावर आली, असं कोणी सांगतं. ते खरं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यात अधिकाऱ्यांनी असा हुकूम काढला की गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून शिकवायची. मुलांना ती भाषा येत नव्हती आणि अनेक शिक्षकांनाही येत नव्हती. जी भाषा पोलीस ठाण्यात आणि पासच्या कचेरीत शिवी म्हणून कानावर पडते, त्याच भाषेत आता गणित शिकायचं होतं.

मे १९७६ मध्ये ऑर्लंडो वेस्टमधल्या एका शाळेत संप सुरू झाला. १६ जून रोजी हजारो विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचं निष्प्राण शरीर उचलून धावणाऱ्या तरुणाचं छायाचित्र जगभर पोचलं. पुढच्या महिन्यांत शेकडो जण मारले गेले. मुलांची लढाई न कळणाऱ्या भाषेतून शिकवण्याविरुद्ध आणि त्यामागच्या सत्तेविरुद्ध होती.

सरकार झुकलं. १९७९ च्या कायद्याने मातृभाषेची आठ वर्षं घटून चार झाली आणि पुढची भाषा निवडण्याची मोकळीक मिळाली. जवळपास सर्व काळ्या शाळांनी इंग्रजी निवडली. पालकांची मागणी तीच होती आणि ती समजण्यासारखी होती. इंग्रजी ही नोकरीची भाषा होती, मुक्तिलढ्याची भाषा होती, बाहेरच्या जगाची भाषा होती. राजकीय दृष्टीने हा विजय होता. पण वर्गात काय झालं?

आठशे शब्द आणि पाच हजार शब्द

मॅट्रिकचा दर घसरू लागला. १९९२ पर्यंत तो ४४ टक्क्यांच्या आसपास आला. इथेही सावध राहिलं पाहिजे, कारण ऐंशीचं दशक हे बहिष्कार, आणीबाणी आणि गोळीबाराचं दशक होतं. शाळा महिनोन्‌महिने बंद असायच्या, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्याही अनेक पटींनी वाढली होती. म्हणून घसरणीचं सगळं खापर भाषेवर फोडता येत नाही. भाषेचा वाटा किती, हे पाहायचं तर निकालाचे आकडे सोडून वर्गात जाऊन बसावं लागतं. ते काम कॅरल मॅक्डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ‘थ्रेशोल्ड प्रोजेक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे अहवाल १९९० मध्ये आले. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. चार वर्षं आपल्या भाषेत शिकून पाचव्या वर्षी इंग्रजीचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलांचं काय होतं, हा त्यांचा विषय होता.

त्यांना आढळलं ते असं. चौथं वर्ष संपेपर्यंत मुलांना इंग्रजीचे फार तर आठशेच्या आसपास शब्द येत होते. पाचव्या वर्षाची पाठ्यपुस्तकं वाचायला मात्र सुमारे पाच हजार शब्द लागत होते. म्हणजे उन्हाळ्याच्या एका सुट्टीत मुलाने चार हजार शब्द शिकून यावं, अशी व्यवस्थेची अपेक्षा होती.

आणि अडचण फक्त शब्दांच्या संख्येची नसते. भाषेच्या तासाला मूल गोष्टी शिकतं: हा मुलगा आहे, ती नदीवर गेली. भूगोलाच्या पुस्तकात वाक्य येतं की अमुक प्रदेश समुद्राजवळ असूनही तिथे पाऊस कमी पडतो, कारण वारे डोंगराच्या पलीकडून येतात. त्यातला समुद्र आणि पाऊस मुलाला कळेल. ‘असूनही’ आणि ‘कारण’ या अर्थाचे परक्या भाषेतले शब्द कळणार नाहीत, आणि खरा धडा त्याच शब्दांत आहे. मग शिक्षक काय करतो? उत्तरं फळ्यावर लिहितो. मुलं एकसुरात म्हणतात, पाठ करतात, परीक्षेत उतरवतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की वर्ग छान चालला आहे.

आता आपल्या वस्तीतल्या कमी फीच्या इंग्रजी शाळेची वही उघडून पाहा. आम्ही अशा अनेक वह्या पाहिल्या आहेत. अक्षर सुंदर, प्रत्येक उत्तरावर बरोबरची खूण, आणि त्याच उत्तराचा अर्थ विचारला की मूल गप्प. सोवेटोच्या मुलांच्या वाट्याला पाचव्या वर्षी जो उंबरठा आला, तो आपल्या लेकरांच्या वाट्याला तिसऱ्या वर्षीच, नर्सरीत येतो.

संकल्पना म्हणजे नेमकं काय, आणि ती कोणत्या भाषेत राहते?

इथे संशोधन काय सांगतं ते उदाहरणानेच घेऊ. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात दोन प्रकारच्या संकल्पना सांगितल्या. एक रोजच्या जगण्यातून आलेली, दुसरी शाळेत शिकवलेली शास्त्रीय. दुसरी उभी राहायला पहिलीचा आधार लागतो.

आपल्या घरातलं आठ वर्षांचं मूल किराणा दुकानातून पाव किलो साखर आणतं. अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याला शाळेत जाण्याआधीच माहीत असतात. अर्धा किलो पावपेक्षा जास्त, दोन पाव म्हणजे अर्धा, हे त्याने तराजूवर पाहिलेलं असतं. मराठीत अपूर्णांक शिकवणाऱ्या शिक्षकाने हे पकडलं, तर १/४ ही खूण त्या ‘पाव’वर जाऊन बसते. त्याच मुलाला ‘वन-फोर्थ’ हा शब्द पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकातच भेटला, तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: न कळणारा शब्द आणि न दिसणारी कल्पना. बहुतेक मुलं शब्द पाठ करतात आणि कल्पना सोडून देतात.

पण उलटं पाहा. ज्या मुलाला पाव म्हणजे काय, चार सारख्या भागांतला एक म्हणजे काय हे पक्कं कळलं आहे, त्याला वर्षभराने इंग्रजीत फक्त नवं नाव शिकायचं असतं. कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही. कॅनडाचे संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडलं. माणसाच्या दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी खाली समज एकच असते. एका भाषेत तयार झालेली समज दुसरीत वापरता येते. मात्र ही देवघेव आपोआप होत नाही. दुसऱ्या भाषेशी भरपूर आणि चांगला संपर्क असेल, तरच ती होते.

कमिन्स यांनी आणखी एक भेद दाखवला, जो आपल्या पालकांनी लक्षात ठेवावा. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळ्या असतात. परक्या भाषेच्या देशात गेलेलं मूलही दोनेक वर्षांत फाडफाड बोलू लागतं, पण त्याच भाषेत पुस्तकी विचार करायला त्याला पाच ते सात वर्षं लागतात. तिथे आजूबाजूला दिवसभर ती भाषा असते. आपल्या वस्तीत ती शाळेच्या फाटकाबाहेर नसते. म्हणून मुलाने पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हटली, तेवढ्यावरून त्याला विज्ञान कळतं असं समजू नये.

हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी चौथी-पाचवीच्या मुलाला विचारावं: भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा? आणि का? चार हा आकडा तिनापेक्षा मोठा, म्हणून चौथा हिस्सा मोठा, असं अनेक मुलं सांगतील. हाच प्रश्न पुस्तकाच्या भाषेत एकदा आणि घरच्या भाषेत एकदा विचारा. घरच्या भाषेत कारण सांगता आलं आणि इंग्रजीत नाही, तर समज आहे, शब्द कमी आहेत. ते भरून काढणं सोपं. दोन्हीकडे कारण सांगता आलं नाही, तर संकल्पनाच तयार झालेली नाही, आणि इंग्रजीची शिकवणी लावून ती होणार नाही.

पिंजऱ्याविना मातृभाषा: इफेचा प्रयोग

वर्णभेदी सरकारचा हेतूच वाईट होता. हेतू चांगला असेल तर काय होतं? नायजेरियातल्या इफे विद्यापीठात बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये हा प्रयोग सुरू केला. इले-इफे गावच्या एका सरकारी अनुदानाच्या शाळेत काही वर्गांना सहाही वर्षं सगळे विषय योरुबात शिकवले. इंग्रजी पहिल्यापासून होती, पण एक विषय म्हणून, आणि ती शिकवायला खास तयार केलेला शिक्षक दिला. दुसरीकडे नेहमीची पद्धत चालू ठेवली: तीन वर्षं योरुबा, मग सगळं इंग्रजीत. सहा वर्षांनी योरुबातून शिकलेली मुलं गणित-विज्ञानात पुढे होती, आणि इंग्रजीतही मागे नव्हती. ज्यांनी सगळे विषय तीन वर्षं इंग्रजीत शिकले होते, त्यांच्या बरोबरीने ती उभी राहिली.

फर्वुर्ड यांच्या शाळेत आणि फाफुन्वा यांच्या शाळेत मातृभाषा सारखीच होती. फरक होता तो इंग्रजीच्या शिक्षकात, पुस्तकांच्या दर्जात आणि शाळेनंतरच्या दारात. पहिलीकडे ते दार बंद होतं, म्हणून ती शाळा पिंजरा झाली.

मातृभाषा जादूची कांडी नाही

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज दक्षिण आफ्रिकेत बहुतेक काळी मुलं पहिली तीन वर्षं आपल्या भाषेत शिकतात. तरीही २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तिथल्या चौथीच्या ७८ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला नाही, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण ८१ टक्के झालं. ही चाचणी त्यांनी पहिल्या तीन वर्षांत शिकलेल्या भाषेतच घेतली होती. वाचायला पुस्तकं नसतील, शिक्षकालाच वाचन शिकवता येत नसेल, तर भाषा आपली असूनही उपयोग होत नाही. स्टीफन टेलर आणि मारिसा फॉन फिन्टेल यांनी २०१६ मध्ये माध्यम बदललेल्या शाळांची तुलना केली. पहिली तीन वर्षं मातृभाषेत शिकलेल्या मुलांची इंग्रजी पुढच्या वर्गांत काहीशी सुधारलेली दिसली. पण गरिबी आणि शाळेचा दर्जा यांचा परिणाम भाषेच्या परिणामापेक्षा मोठा होता, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसरा प्रश्न त्याहून टोकदार आहे: मातृभाषा कोणाची? सोवेटोच्या गल्लीत पाच-सहा भाषा मिसळतात आणि शाळेच्या पुस्तकातली झुलू त्या मुलांनाही परकी वाटते. मेळघाटातल्या कोरकू मुलाची, गडचिरोलीतल्या गोंड मुलाची मातृभाषा मराठी नाही. आमच्या वस्तीतल्या मुलाची मराठीही पुण्याच्या पुस्तकातली मराठी नाही. ‘व्हतं’ म्हणणाऱ्या लेकराला वर्गात हसून ‘अशुद्ध’ ठरवणारा शिक्षक मराठी माध्यमात बसूनही त्या मुलाची मातृभाषा काढूनच घेत असतो. अशा मुलाचं तोंड वर्गात बंद होतं, आणि बोलता येत नाही तिथे विचारही पुढे सरकत नाही.

मग आपली मागणी काय?

आपल्या परंपरेने हा प्रश्न ‘मराठी की इंग्रजी’ असा कधीच मांडला नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली ती बहुजनांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. त्यात मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता येणं, हिशोब आणि शेतीचं ज्ञान होतं. बाबासाहेबांनी जगाशी इंग्रजीत वाद घातला आणि समाजाला जागं करायला ‘मूकनायक’ मराठीत काढला. दोन्ही भाषा ताब्यात हव्यात, हा या सगळ्याचा अर्थ आहे.

म्हणून मातृभाषेचा जयघोष करणाऱ्या प्रत्येकाला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आमच्या जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला तयार केलेला शिक्षक देता का? राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण ती शिकवता येणारा माणूस किती शाळांत आहे? दुसरं, सहावी-सातवीपर्यंत मातृभाषेत संकल्पना पक्क्या झाल्यावर इंग्रजीकडे जाणारा पूल कुठे आहे? सेमी-इंग्रजीच्या नावाखाली गणिताचं पुस्तक एका दिवसात बदलून टाकणं म्हणजे पुन्हा आठशे आणि पाच हजारांचा तोच खड्डा. आणि तिसरं, कोरकू, गोंड, पारधी मुलांसाठी त्यांच्या भाषेतलं पहिलं पुस्तक आणि त्यांच्यातला शिक्षक कुठे आहे?

याची उत्तरं न देता कोणी मायमराठी म्हणत असेल, तर तो फर्वुर्डचाच शाळामास्तर समजावा. आणि ही उत्तरं न मागता आपण पोटाला चिमटा घेऊन महिन्याची फी भरत राहिलो, तर आपली लेकरं सुंदर अक्षरात न कळलेली उत्तरं लिहीत राहतील. सोवेटोच्या मुलांनी न कळणारी भाषा नाकारली. आपल्याला त्यापुढे जाऊन कळणारी शाळा मागायची आहे.

जय भीम!